दोन रस्ते, एकच वेळ: गर्दी कशी वाटली जाते आणि नवा रस्ता उशीर का वाढवतो

नांदेडहून हिंगोलीला निघालात आणि फोनवर मॅप उघडला की दोन रेषा दिसतात. एक अर्धापूर, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी करत जाते. दुसरी वसमत आणि औंढा नागनाथवरून. एक रेषा निळी, दुसरी राखाडी, आणि राखाडीवर लिहिलेलं असतं, अमुक मिनिटं जास्त. कधी हा फरक मोठा असतो, कधी दोन-तीन मिनिटांचा, तर कधी दोन्हीकडे जवळजवळ सारखाच वेळ दिसतो.

हा सारखा वेळ योगायोग नसतो. गर्दी पुरेशी वाढली की दोन समांतर रस्त्यांचे वेळ आपोआप एकमेकांच्या जवळ येतात. तो आकडा आधी गणिताने काढता येतो, आणि त्यासाठी आठवीचं बीजगणित पुरतं. याच गणितातून पुढे एक विचित्र गोष्ट निघते: गाड्या तेवढ्याच, लोक तेच, पण एक नवा चांगला रस्ता सुरू केला आणि सगळ्यांनाच उशीर व्हायला लागला. आधी सोपी गोष्ट घेऊ.

वेळ गर्दीवर अवलंबून असतो म्हणजे काय

मोकळ्या रस्त्यावर एक गाडी जायला जो वेळ लागतो तो त्या रस्त्याचा मूळ वेळ. त्यावर गाड्या वाढल्या की ट्रकमागे अडकणं, फाट्यावर थांबणं, गावातून हळू जाणं यामुळे आणखी वेळ लागतो. म्हणजे वेळेचे दोन भाग: एक ठरलेला, दुसरा गर्दीबरोबर वाढणारा.

आता नांदेड–हिंगोलीचे दोन रस्ते घेऊ. खालचे आकडे मी गणित सोपं व्हावं म्हणून धरलेत, मोजलेले नाहीत.

कळमनुरीकडचा रस्ता: मोकळा असेल तर ८० मिनिटं, आणि तासाला जाणाऱ्या दर २० गाड्यांमागे १ मिनिट वाढतं. औंढ्याकडचा रस्ता: मोकळा असेल तर १०० मिनिटं, आणि दर २० गाड्यांमागे तेवढंच १ मिनिट. सूत्रात लिहायचं तर कळमनुरीकडे x गाड्या आणि औंढ्याकडे y गाड्या असतील तर

```
कळमनुरीकडून = 80 + x/20
औंढ्याकडून  = 100 + y/20
```

समजा एका तासात एकूण १००० गाड्या नांदेडहून निघतात. कोण कुठून जाणार?

पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, कळमनुरीकडचा रस्ता जवळचा, तिकडूनच जाऊ. तिकडे १००० गाड्या झाल्या आणि वेळ झाला ८० + ५० म्हणजे १३० मिनिटं. त्याच वेळी औंढ्याचा रस्ता रिकामा पडलाय, तिकडून १०० मिनिटांत पोचता आलं असतं. ही गोष्ट लपून राहत नाही. कुणाचा तरी मेहुणा औंढ्याकडून गेलेला असतो आणि तो अर्धा तास आधी पोचून चहा पीत बसलेला असतो.

मग काही जण तिकडे वळतात. समजा ८०० आणि २०० अशी वाटणी झाली. कळमनुरीकडे १२० मिनिटं, औंढ्याकडे ११०. अजूनही वळण्यात फायदा आहे, म्हणून आणखी काही जण वळतात. ७०० आणि ३०० झाले की कळमनुरीकडे ८० + ३५ = ११५, आणि औंढ्याकडे १०० + १५ = ११५. आता कुणालाच रस्ता बदलून फायदा नाही. जरा पुढे जाऊन ६०० आणि ४०० झालं असतं तर कळमनुरीकडे ११० आणि औंढ्याकडे १२०, म्हणजे लोक परत उलटे फिरले असते. गाडी ७००–३०० वरच येऊन थांबते.

पायऱ्या न चढता थेट उत्तर काढायचं असेल तर दोन्ही वेळ सारखे आहेत असं मांडायचं. औंढ्याकडच्या गाड्या म्हणजे १००० वजा x.

```
80 + x/20 = 100 + (1000 - x)/20
1600 + x  = 2000 + 1000 - x
2x = 1400
x  = 700
```

या स्थितीला वॉर्ड्रॉपचा समतोल म्हणतात. जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप हे ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत काम करायचे. १९५२ साली त्यांनी हा नियम मांडला: जे जे रस्ते वापरात आहेत त्या सगळ्यांवर सारखाच वेळ लागतो, आणि जो रस्ता कुणीच वापरत नाही त्यावर वेळ त्याहून कमी नसतो.

नियमाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, पण हिंगोलीसाठी तोच जास्त कामाचा आहे. १००० च्या जागी तासाला फक्त ३०० गाड्या असतील तर? सगळ्या कळमनुरीकडून गेल्या तरी वेळ ८० + १५ = ९५ मिनिटं. औंढ्याचा रस्ता रिकामा असूनही १०० मिनिटं घेतो, मग तिकडे कोण जाईल? वरचं समीकरण डोळे झाकून सोडवलं तर x = ३५० येतं, म्हणजे ३०० पैकी ३५० गाड्या कळमनुरीकडे आणि उणे ५० औंढ्याकडे. असं उणे उत्तर आलं की समजायचं, दुसरा रस्ता अजून खेळातच उतरलेला नाही. तो उतरतो तासाला ४०० गाड्यांनंतर, कारण ८० + ४००/२० बरोबर १०० होतं.

हे तुम्हाला फोनवर तपासता येतं. पहाटे पाचला तुमच्या गावाच्या दोन समांतर रस्त्यांचा वेळ बघा, मग संध्याकाळी सहाला बघा. पहाटे फरक ठळक दिसेल. गर्दीच्या वेळी तो आक्रसला असेल तर तिथे समतोल तयार होतोय. आक्रसत नसेल तर तुमच्या गावात अजून तेवढी गर्दी नाही, आणि ही चांगली बातमी आहे.

समतोल म्हणजे सगळ्यात चांगली वाटणी नव्हे

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या विचित्र गोष्टीचं मूळ इथेच आहे.

समतोलात प्रत्येकाला ११५ मिनिटं लागतात. आता समजा कुणीतरी सक्तीने ६००–४०० अशी वाटणी केली. ६०० जणांना ११०, ४०० जणांना १२०. सरासरी काढली तर ११४. म्हणजे एकूण मिळून वेळ वाचला, जरी ४०० जणांची कुरकुर वाढली.

हे कसं झालं? मी कळमनुरीच्या रस्त्यावर शिरतो तेव्हा मी फक्त माझे ११५ मिनिटं मोजतो. पण माझ्या येण्याने तिथल्या बाकी ७०० जणांचा प्रत्येकी १/२० मिनिट वाढतो, म्हणजे मी सगळ्यांचे मिळून ३५ मिनिटं खाल्ली. तोच मी औंढ्याकडून गेलो असतो तर तिथल्या ३०० जणांची मिळून १५ मिनिटं खाल्ली असती. माझ्या घड्याळात दोन्ही रस्ते सारखे, पण दुसऱ्यांच्या घड्याळात २० मिनिटांचा फरक. हा फरक फोनच्या स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. मॅप तुम्हाला तुमचा वेळ सांगतो. तुमच्यामुळे मागच्यांना किती उशीर होईल हे तुम्ही विचारलेलं नसतं आणि तो सांगतही नाही.

इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० च्या त्यांच्या पुस्तकात हेच दोन रस्त्यांचं उदाहरण घेतलं होतं आणि उपायही सुचवला होता: जवळच्या रस्त्यावर कर लावा. आपल्या आकड्यांत कळमनुरीच्या रस्त्यावर १० मिनिटांच्या किमतीएवढा टोल लावला तर लोक आपणहून ६००–४०० वर येतील, कारण ११० मिनिटं अधिक टोल बरोबर १२० मिनिटं. टोल म्हणजे फक्त रस्त्याचा खर्च वसूल करणं असं आपण धरतो. पण तो गर्दीची वाटणीही बदलतो, मग टोल लावणाऱ्याचा तो हेतू असो वा नसो.

इथे फायदा फक्त एका मिनिटाचा निघाला. एवढ्यासाठी कोण डोकं लावणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. दोन सरळ समांतर रस्त्यांत नुकसान बहुतेक वेळा छोटंच असतं. ते मोठं होतं जोडरस्ता आला की.

जोडरस्ता

आता नांदेड सोडून गावात येऊ. हे गाव मी कागदावर काढलंय. कयाधूसारख्या एखाद्या नदीकाठचं मराठवाड्यातलं कुठलंही तालुक्याचं गाव डोळ्यासमोर आणा. उत्तरेच्या नाक्यावरून गाड्यांना दक्षिणेला नदीपलीकडच्या मोंढ्यात जायचंय. हळदीचा हंगाम आहे, बीट सकाळी सुरू होतं, ट्रॅक्टर-टेम्पोंची रांग आहे. त्याच रांगेत कधी एखादी १०८ ची ॲम्ब्युलन्सही असते.

गावातून जायचे दोन मार्ग आहेत. पहिला: आधी बाजारपेठेची अरुंद गल्ली, ती संपली की पूर्वेच्या रुंद वळणरस्त्याने मोंढा. दुसरा: आधी पश्चिमेचा रुंद वळणरस्ता, आणि शेवटी नदीवरचा जुना अरुंद पूल ओलांडून मोंढा.

रुंद वळणरस्ते लांब आहेत पण तिथे गर्दीचा त्रास नाही. किती का गाड्या असेनात, १५ मिनिटं. गल्ली आणि पूल जवळचे आहेत पण अरुंद. तासाला दर ५० गाड्यांमागे तिथे १ मिनिट लागतं.

एकूण ६०० गाड्या आहेत. दोन्ही मार्ग सारखेच आहेत, एक अरुंद तुकडा आणि एक रुंद तुकडा, म्हणून ३००–३०० वाटणी होते. गल्लीला ३००/५० म्हणजे ६ मिनिटं, वळणरस्त्याला १५. एकूण २१ मिनिटं. दुसरीकडूनही २१.

गल्ली जिथे संपते तिथून पूल जिथे सुरू होतो ते अंतर तसं फार नाही. मधे पडीक जागा आहे. लोक कित्येक वर्षं म्हणताहेत की इथून रस्ता काढा. शेवटी तो काढला. गुळगुळीत, सिमेंटचा, १ मिनिटात पार होणारा. उद्घाटन झालं.

पहिला टेम्पोवाला गल्लीतून येतो, नव्या रस्त्याने सरळ पुलावर जातो. ६ + १ + ६ = १३ मिनिटं. कालपर्यंत २१ लागायची! तो मोंढ्यात सगळ्यांना सांगतो. दुसऱ्या दिवशी पन्नास जण तिकडून येतात, मग शंभर. प्रत्येक जण आपला वेळ वाचवतोय आणि प्रत्येकाचं गणित बरोबर आहे. फक्त आता गल्लीत पहिल्या मार्गाच्या गाड्या आहेतच, त्यात दुसऱ्या मार्गाच्याही आल्या. पुलावरही तेच. दोन्ही अरुंद तुकडे भरत जातात आणि दोन्ही रुंद रस्ते रिकामे होत जातात.

हे कुठे थांबतं? सगळे ६०० नव्या मार्गावर येईपर्यंत थांबत नाही. तेव्हा गल्लीला १२ मिनिटं, जोडरस्त्याला १, पुलाला १२. एकूण २५.

काल २१ लागत होती, आज २५. मग एखाद्याने जुन्या मार्गाने परत जावं ना? तो प्रयत्न करून बघू. गल्लीतून १२ मिनिटं काढून वळणरस्त्याला लागलं तर १५, एकूण २७. पश्चिमेच्या वळणरस्त्याने १५ आणि मग भरलेल्या पुलावर १२, तेही २७. एकट्याने मागे फिरणाऱ्याचं आणखी दोन मिनिटं नुकसान होतं. सगळ्यांनी एकदम मागे फिरायचं ठरवलं तर सगळ्यांचा फायदा आहे. पण ६०० टेम्पोवाले एकत्र बसून ठरवणार कधी, आणि ठरवलं तरी पहिला गुपचूप जोडरस्त्याने जाणारा १३ मिनिटांत पोचणार. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच.

दर गाडीमागे ४ मिनिटं म्हणजे ६०० गाड्यांची तासाला २४०० मिनिटं, पूर्ण ४० तास. रस्ता खराब नाही, कंत्राटदाराने काही खाल्लं नाही, चालक मूर्ख नाहीत. तरी हे होतं. जर्मन गणिती डीट्रिख ब्रेस यांनी १९६८ मध्ये हे दाखवलं, म्हणून याला ब्रेसचा विरोधाभास म्हणतात.

विश्वास बसत नसेल तर हे चालवून बघा. प्रत्येक फेरीत सगळ्यात हळू मार्गावरची एक गाडी सगळ्यात जलद मार्गावर जाते, बाकी काही नाही. पहिले दोन आकडे जुन्या मार्गांचे, तिसरा जोडरस्त्याचा.

```python
n = [300, 300, 0]

def vel(n):
    galli = (n[0] + n[2]) / 50
    pul = (n[1] + n[2]) / 50
    return [galli + 15, 15 + pul, galli + 1 + pul]

while True:
    t = vel(n)
    halu = max([i for i in range(3) if n[i] > 0], key=lambda i: t[i])
    jalad = min(range(3), key=lambda i: t[i])
    if t[halu] - t[jalad] < 0.05:
        break
    n[halu] -= 1
    n[jalad] += 1

print(n, t[2])
```

उत्तर येतं `[0, 0, 600] 25.0`. कोडमध्ये कुठेही कुणाला त्रास देण्याचा हेतू नाही, एकेक गाडी फक्त आपलं भलं बघते.

पहिल्या ओळीत बदल करून बघितलंत तर आणखी एक गोष्ट कळेल, आणि मला ती मूळ विरोधाभासापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. `[100, 100, 0]` टाका, म्हणजे एकूण २०० गाड्या. जोडरस्त्याआधी २ + १५ = १७ मिनिटं लागत होती. जोडरस्ता आल्यावर ४ + १ + ४ = ९. जवळजवळ निम्मा वेळ! म्हणजे कमी गर्दीत तोच रस्ता उत्तम आहे.

मग तो वाईट कधी होतो? जुना वेळ आणि नवा वेळ सारखा ठेवून सोडवलं तर ४६७ गाड्यांच्या आसपास सीमा येते. त्याखाली फायदा, त्यावर तोटा. तोटा सगळ्यात जास्त ७०० गाड्यांना असतो, जुने २२ मिनिटं आणि नवे २९. त्यापुढे गल्ली आणि पूल इतके भरतात की काही लोक परत वळणरस्त्यांना जातात, तोटा हळूहळू कमी होतो, आणि तासाला १४०० गाड्या झाल्या की जोडरस्ता वापरण्यात कुणालाच फायदा उरत नाही. तो असून नसल्यासारखा.

म्हणून "नवा रस्ता उशीर वाढवतो" हे वाक्य अर्धवट आहे. उद्घाटनाच्या आठवड्यात बाजार थंड असेल तर सगळे खूश होतील. हंगामात तोच रस्ता शिव्या खाईल. मोजणी कोणत्या महिन्यात केली यावर अहवालाचा निष्कर्ष ठरेल.

तोट्याला वरची मर्यादाही आहे. टिम रफगार्डन आणि एव्हा टार्डोश यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं की वेळ गर्दीबरोबर सरळ रेषेत वाढत असेल तर समतोलाची सरासरी ही शक्य त्या सर्वोत्तम सरासरीच्या ४/३ पटीपेक्षा जास्त कधीच होत नाही, रस्त्यांचं जाळं कितीही गुंतागुंतीचं असो. आपल्या सर्वांत वाईट क्षणी २९ भागिले २२ म्हणजे १.३२ येतं. ४/३ म्हणजे १.३३. कागदावरचं आपलं गाव त्या मर्यादेला जवळजवळ टेकलंय.

खऱ्या रस्त्यांवर काय वेगळं असतं

पहिलं म्हणजे वेळ सरळ रेषेत वाढत नाही. रस्ता अर्धा रिकामा असेपर्यंत जास्तीच्या गाड्यांनी फारसा फरक पडत नाही, आणि क्षमतेजवळ आलं की वेळ एकदम उसळतो. वाहतूक नियोजनात अमेरिकेच्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सचं १९६४ चं सूत्र अजूनही सर्रास वापरतात:

```
t = t0 * (1 + 0.15 * (v/c)**4)
```

`t0` हा मोकळ्या रस्त्याचा वेळ, `v` गाड्या, `c` क्षमता. चौथ्या घातामुळे क्षमतेच्या निम्म्या गर्दीला वेळ एक टक्काही वाढत नाही, पूर्ण क्षमतेला १५ टक्के वाढतो आणि दुप्पट गर्दीला ३.४ पट होतो. असं सूत्र वापरलं की ४/३ ची मर्यादा लागू होत नाही, नुकसान त्याहून जास्त होऊ शकतं. समतोल काढायची रीत मात्र तीच: वापरातल्या रस्त्यांचे वेळ सारखे करा. फक्त समीकरण हाताने सुटत नाही, वरच्यासारखं लूप लागतं.

दुसरं, समांतर दिसणारे रस्ते पूर्ण वेगळे नसतात. नांदेड ते वारंगा फाटा या पट्ट्यात हिंगोलीच्या गाड्यांबरोबर हदगाव–यवतमाळकडे जाणाऱ्याही गाड्या असतात. त्यांना औंढ्याचा पर्यायच नाही. त्यामुळे कळमनुरीकडचा x मोजताना त्याही धराव्या लागतात, पण वाटणी करताना त्या हलवता येत नाहीत. मुंबई–पुण्याचं उदाहरण याहून ठळक आहे. द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग समांतर आहेत असं आपण म्हणतो, पण खंडाळ्याच्या घाटात कित्येक वर्षं काही अंतर दोघांची वाहतूक एकाच रस्त्यावरून जायची. तिथे कोंडी झाली की दोन्ही पर्याय एकदम अडायचे आणि मॅपवर कुठलीही रेषा निवडली तरी लाल पट्टा तोच असायचा.

तिसरं, एक गोंधळ टाळा. नवा रस्ता झाला म्हणून लोक जास्त गाड्या काढू लागले आणि गर्दी वाढली, हा वेगळा प्रकार आहे आणि तो जास्त वेळा घडतो. ब्रेसच्या विरोधाभासात गाड्यांची संख्या तीच राहते. ओळखायची खूण सोपी आहे: गाड्यांची एकूण मोजणी आधीएवढीच, अरुंद तुकड्यांवर गर्दी वाढलेली, आणि रुंद वळणरस्ते ओस पडलेले. तिन्ही एकत्र दिसलं तरच संशय घ्या. वळणरस्त्यांवरही गर्दी वाढली असेल तर गाड्याच वाढल्यात.

खरी उदाहरणं देताना हाच गोंधळ होतो. न्यूयॉर्कमध्ये २२ एप्रिल १९९० ला वसुंधरा दिनासाठी ४२वी स्ट्रीट बंद ठेवली होती. मोठी कोंडी होईल अशी भीती होती, ती झाली नाही. सोलमध्ये चॉन्गेचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ पासून पाडला आणि २००५ मध्ये तिथे ओढा परत मोकळा केला, तरी शहर ठप्प झालं नाही. ही दोन्ही उदाहरणं ब्रेसच्या नावावर खपवली जातात. पण न्यूयॉर्कला तो दिवस रविवार होता, आणि सोलमध्ये २००४ ला बससेवेची मोठी फेररचना झाली, त्यामुळे कितीतरी लोकांकडे दुसरा पर्याय होता. रस्ता बंद केल्याने अडलं नाही एवढं नक्की. ते नेमकं ब्रेसमुळे, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आणि चौथं, फोन. वॉर्ड्रॉपच्या नियमात लोकांना सगळ्या रस्त्यांचे वेळ माहीत असतात असं धरलंय. १९५२ मध्ये ते धरावं लागायचं, आता ते बऱ्यापैकी खरं आहे. त्यामुळे समतोल, चांगला असो वा वाईट, लवकर येतो. आपल्या गावात टेम्पोवाल्यांच्या तोंडी प्रचाराने जोडरस्ता भरायला आठवडे लागले असते, मॅपने तो काही दिवसांत भरेल. मॅपचे आकडे थोडे जुने असले तर वेगळीच गंमत होते. दोन रस्त्यांच्या पहिल्या उदाहरणात सगळ्यांना एकदम "औंढा रिकामा" असं दिसलं आणि १००० च्या १००० तिकडे वळले, तर तिकडे १५० मिनिटं आणि कळमनुरीकडे ८०. मग सगळे उलटे. समतोल येतो तो थोडे थोडे लोक हलतात म्हणून. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दोन सर्व्हरवर लोड वाटतानाही हीच चूक होते. सगळ्या विनंत्या "कमी लोड असलेल्या" सर्व्हरवर एकदम पाठवल्या की तोच आधी बसतो.

मग त्या जोडरस्त्याचं काय करायचं? उखडायची गरज नाही. एका टोकाला अडथळा लावून तो मालवाहू गाड्यांना हंगामात बंद ठेवला आणि फक्त ॲम्ब्युलन्सला सोडला, तर बाकीचे पुन्हा ३००–३०० होतात आणि त्यांना २१ मिनिटं लागतात. गल्ली ६ मिनिटांची, पूल ६ मिनिटांचा. १०८ गल्लीतून जोडरस्त्याने पुलावर जाते आणि १३ मिनिटांत नदीपलीकडे पोचते. सगळ्यांना तो खुला असताना तिलाही २५ लागत होती.